घोड्याच्या नालाची वीण: फोटोतल्या तक्त्यापासून मावशीच्या कार्डांपर्यंत

६ डिसेंबर

शेजारच्या काकूंकडे एक जपानी विणकामाचं मासिक आहे, त्यांच्या मुलीनं येताना आणलेलं. त्यातला एक मफलर मावशीला आवडला. काकू मासिक घराबाहेर द्यायला तयार नाहीत, म्हणून मी त्यांच्याच डायनिंग टेबलवर मोबाइलनं फोटो काढून आलो. मफलरचा एक आणि त्याची वीण घराघरांतल्या चिन्हांनी दाखवणाऱ्या तक्त्याचे दोन.

मावशी पन्नास वर्षं विणते आहे, पण तक्त्यावरून कधीच नाही. कोणीतरी "तीन सुलट, दोन एकत्र" असं सांगायचं किंवा वहीत लिहून द्यायचं आणि तिनं विणायचं, हीच तिची रीत. त्यात आता मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, बारीक घरं तिला दिसत नाहीत. "तू हिशेबाचा माणूस ना? मग ह्या घरांचं मले वाक्यात करून दे," म्हणाली. मला विणता येत नाही, दिवसभर टॅलीवर नोंदी करतो. तरी हो म्हणून बसलो.

७ डिसेंबर

सकाळी फोटो नीट पाहिले. मोबाइलच्या स्कॅन मोडनं पानाच्या कडा सरळ केल्या आहेत, पण कागद जिथे बाइंडिंगकडे वळतो तिथली गोलाई त्याला सरळ करता आलेली नाही. तक्ता डाव्या पानावर आहे, म्हणजे त्याची उजवी कड बाइंडिंगच्या बाजूला. तिथली घरं आगपेटीच्या कडेसारखी अरुंद दिसतात. शिवाय काकूंच्या ट्यूबलाइटचा एक पांढरा पट्टा गुळगुळीत कागदावर तिरपा पडलाय.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्रीवर मोठी प्रिंट काढली. तक्ता तसा लहान आहे. आडवी वीस घरं, उभ्या आठ ओळी. चिन्हंही चारच. रिकामं घर, आडवी रेघ, गोल आणि तीन पायांचं एक चिन्ह.

काकूंच्या मुलीला फोटो पाठवून खालच्या टिपा विचारल्या. टाक्याला तिकडे 'मे' म्हणतात, ओळीला 'दान'. टीप अशी: दहा टाके आणि आठ ओळी मिळून एक नमुना. बाजूला एका रिकाम्या घरापुढे बरोबरचं चिन्ह आणि उभी रेघ छापली आहे. त्याचा अर्थ, रिकामं घर म्हणजे सुलट टाका. उभी रेघ हे त्यांचं सुलटचं चिन्ह. सगळीकडे रेघा काढल्या तर डोळे फिरतील, म्हणून घरं मोकळी सोडतात. आडवी रेघ उलट टाक्याची. गोल म्हणजे जाळीचा टाका, मावशीच्या भाषेत 'लोकर पुढे'. तीन पायांचं चिन्ह म्हणजे तीन टाक्यांचा एक.

जपानमध्ये ही चिन्हं सरकारी मानकानुसार ठरलेली असल्यामुळे एकदा कळली की तिकडचं कुठलंही मासिक वाचता येतं, असं ती म्हणाली. भाषेचा प्रश्न माझ्या मनात होता त्याहून बराच लहान निघाला.

८ डिसेंबर

ऑफिसातून आल्यावर तक्ता स्प्रेडशीटमध्ये घातला. एका घराला एक सेल. मराठीतच लिहिलं: जाळीला 'ज', तीनच्या एकाला 'त', उलटला 'उ', सुलटचा सेल रिकामा. चित्रात वरची ओळ वर, तशीच शीटमध्येही वर ठेवली. विणायचं मात्र खालून वर. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, कारण विणताना टाके त्याच क्रमानं सुईवर येतात. उलट बाजूला काम फिरवलेलं असतं, म्हणून ती ओळ डावीकडून उजवीकडे. नशीब म्हणजे हा नमुना दोन्हीकडून सारखाच आहे, त्यामुळे दिशा चुकली तरी काही बिघडलं नसतं.

मग माझ्या धंद्याची सवय आडवी आली. म्हटलं, ह्याचा ताळा कसा जमवायचा? जाळीचा टाका शून्यातून एक टाका देतो, म्हणजे एक जमा. तीनचा एक करताना तीन जातात, एक राहतो, म्हणजे दोन नावे. मफलरची रुंदी सारखी राहायची असेल तर प्रत्येक ओळीत जमा आणि नावे सारखे यायला हवेत. प्रत्येक ओळीपुढे हे सूत्र लावलं:

```
=COUNTIF(B5:U5,"ज")-2*COUNTIF(B5:U5,"त")
```

उत्तर शून्य यायला हवं. सात ओळींत शून्य आलं, पाचव्या ओळीत उणे एक. एका ओळीत दोन नमुने, म्हणजे दोन 'त' आणि चार 'ज' हवेत. मी तीनच 'ज' घातले होते. फोटो चारपट मोठा करून पाहिला तर ट्यूबलाइटच्या पांढऱ्या पट्ट्याखाली अर्धा गोल पुसट दिसतो. मला ते घर रिकामं वाटलं, म्हणजे सुलट म्हणून गेलं. तसंच विणलं असतं तर मफलर दर आठ ओळींना एक टाका अरुंद झाला असता.

ताळा जमला तेव्हा खरं सांगायचं तर मी जरा फुशारलो.

९ डिसेंबर

तीन पायांच्या चिन्हाचा घोळ. तीन टाक्यांचा एक करायच्या पद्धती दोन आहेत. एकीत एक टाका उचलायचा, पुढचे दोन एकत्र विणायचे आणि उचललेला त्यावरून काढायचा. त्यात पहिला टाका वर येतो आणि डावीकडे झुकतो. दुसरीत दोन टाके एकदम उचलायचे, तिसरा विणायचा आणि ते दोन्ही त्यावरून काढायचे. त्यात मधला टाका वर येऊन सरळ उभा राहतो. मासिकात दोन्हींची चिन्हं वेगळी असतात, फरक फक्त कोणती दांडी वरपर्यंत जाते एवढाच. माझ्या फोटोत प्रत्येक चिन्ह म्हणजे मुंगी चिरडल्यासारखा ठिपका.

ताळा इथे उपयोगाचा नाही. दोन्हीत तीन जातात आणि एक राहतो.

मावशीला मफलरचा फोटो मोठा करून दाखवला. तिनं चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाशी धरला आणि म्हणाली, "हे पाह्य, नालाच्या मधून कणा चाललाय खालून वर, एकावर एक टाका. तिरपा नाही कुठे. मधलाच वर आहे." तक्त्यातही सगळी 'त' चिन्हं एकाच उभ्या रांगेत आहेत. त्यामुळे मधला टाका वर ठेवला की सलग दांडी दिसणार. मी मात्र पहिली पद्धत लिहायचं ठरवूनच बसलो होतो आणि ती सोपी वाटली म्हणून, दुसरं कारण नाही.

ह्या वीणीला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर घोड्याच्या नालाची जाळी म्हणतात. जपानी मासिकातून शेटलंडची वीण नागपुरात येते आहे. मावशीनं नाव ऐकल्याबरोबर तिला 'नाल' करून टाकलं.

१० डिसेंबर

बर्डीवर लोकर घ्यायला गेलो. अधिवेशनामुळे रस्ते बंद, झाशी राणी चौकापासून चालत. लोकरीचं ठीक, सुया मात्र अडल्या. मासिकात सहा नंबरची सुई आहे. दुकानदारानं आपली सहा नंबर काढली तर ती चांगलीच जाड, पाच मिलिमीटरची. आपल्याकडे जुने इंग्लिश नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक होते. जपानमध्ये उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची सहा म्हणजे ३.९ मिलिमीटर. आपल्याकडची तिच्या जवळची सुई आठ नंबर, चार मिलिमीटर. तीच घेतली. घरी येऊन कार्डाच्या पहिल्याच ओळीत 'सुई नंबर' ऐवजी '४ मिमी सुई' लिहिलं.

११ डिसेंबर

पहिल्या कार्डांचा मसुदा मावशीला वाचून दाखवला. दोन मिनिटांत परत आला.

मी चौथी ओळ तक्त्यात दिसते तशीच लिहिली होती. "१ उलट, ९ सुलट, १ उलट." मावशी म्हणाली, "चौथी सुई उलट्या बाजूची ना? मग तिथे नऊ सुलट विणले तर समोरून उलट दिसतील. तुझ्या नालाचं मधलं अंग सगळं खरबरीत होईल." ती ओळीला सुईच म्हणते.

मुद्दा साधा होता आणि माझ्या लक्षातच आला नव्हता. तक्ता दाखवतो ते समोरून कसं दिसेल ते. उलट बाजूनं विणताना प्रत्येक चिन्ह उलटं करायचं. तक्त्यात आडवी रेघ असेल तिथे सुलट, रिकामं घर असेल तिथे उलट. टाका दोन्हीकडून एकच असतो, फक्त समोरून सुलट दिसणारा मागून उलट दिसतो. दुसरी, चौथी, सहावी आणि आठवी अशा चारही ओळी पुन्हा लिहिल्या. ह्या ओळींमध्ये जाळी आणि घट नाहीत, त्यामुळे माझं सूत्र तिथे शून्यच देत होतं आणि मी खुशाल पुढे गेलो होतो.

मावशीची दुसरी तक्रार संक्षिप्त रूपांबद्दल. 'सु३ ज त ज सु३' असं मी लिहिलं होतं. "हे काय गाडीचा नंबर लिहून राहिला का?" पूर्ण शब्द लिहायचे ठरलं. एका ओळीला एक कार्ड आणि अक्षर बोटभर.

१३ डिसेंबर

मावशीनं नमुन्याचा तुकडा विणला. दोन नमुने, म्हणजे मी मोजलेली वीस घरं, आणि दोन्ही कडांना तीन-तीन टाक्यांची किनार. एकूण सव्वीस टाके, आठ ओळींचे दोन फेर.

सगळ्या ओळींचे टाके बरोबर भरले. तरी तुकडा टेबलावर ठेवला तर वाकडा वाटतो. डाव्या किनारीशेजारी उलट टाक्यांची एक छान खाचेसारखी रेघ आहे, तीच दोन नालांच्या मध्येही आहे. उजव्या किनारीशी मात्र रेघच नाही, पहिला नाल थेट किनारीला चिकटलाय.

मी लोकरीला दोष दिला. मावशीनं मला दिला.

रात्री तक्ता पुन्हा काढला. खालच्या कडेला घरांचे आकडे आहेत, उजवीकडून डावीकडे १०, २०. दहाचा आकडा माझ्या मोजणीत नवव्या घराखाली येतो. हे मी सात तारखेलाच पाहिलं होतं आणि फोटोच्या तिरपेपणामुळे सरकला असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता वीसचा पाहिला, तो एकोणिसाव्याखाली. तिरपेपणानं सरकला असता तर दोन्हीकडे सारखाच एक घर कसा सरकला असता? आणि एकचा आकडा कुठे आहे?

पहिली ओळ उजवीकडून वाचली तर पहिलंच चिन्ह जाळीचं. किनारीचे तीन सुलट टाके आधी असल्यामुळे मावशीला ते विणता आलं, म्हणून तिला काही खटकलं नाही.

१४ डिसेंबर

रविवार. काकूंकडे गेलो, त्यांनी पोहे दिले, मासिक मात्र हातात देताना स्वतः शेजारी बसल्या. पान दोन बोटांनी दाबून बाइंडिंग उघडलं आणि आत एकवीसावं घर सापडलं. उजवीकडचा पहिला उभा रकाना पूर्ण घडीत बसला होता. पहिल्या दोन ओळींत रिकामा, तिसरीपासून आठवीपर्यंत आडव्या रेघा.

म्हणजे नमुना दहाच्या पटीत, अधिक एक. दोन नमुन्यांना एकवीस टाके, चार नमुन्यांना एकेचाळीस. तो जादाचा एक टाका शेवटच्या नालाची दुसरी कड पुरी करण्यासाठी असतो. 'दहा टाक्यांचा एक नमुना' एवढीच टीप वाचून मी दहाच्या पटीवर समाधान मानलं.

माझं सूत्र हे का पकडू शकलं नाही, ते परतताना लक्षात आलं. हरवलेल्या रकान्यात फक्त सुलट आणि उलट टाके होते. त्यांचं जमाही एक, नावेही एक. असा रकाना एक काय, पाच गेले असते तरी ताळा जमला असता. ते पकडायला वेगळी तपासणी लागते: डावी आणि उजवी कड आरशात धरल्यासारखी जुळते का, छापलेले आकडे त्याच घराखाली येतात का, आणि ओळीची सुरुवात जाळीनं तर होत नाही ना. ह्या तिन्ही गोष्टी मी आठवडाभरापूर्वीच्या त्या प्रिंटवर दोन मिनिटांत पाहू शकलो असतो.

ह्या वेळी ट्यूबलाइट बंद करून खिडकीच्या उजेडात फोटो काढला. काकूंनी दोन्ही हातांनी पान धरलं, फोटोत त्यांच्या बांगड्या आल्यात.

१६ डिसेंबर

कार्डांची अंतिम प्रत. मफलर चार नमुन्यांचा, एकेचाळीस टाके, दोन्ही कडांना तीन-तीन मिळून सत्तेचाळीस. किनारीचे टाके दोन्ही बाजूंनी सुलटच, म्हणजे कड गुंडाळत नाही. 'तीनचा एक' म्हणजे काय ते पहिल्या कार्डावर एकदाच पूर्ण लिहिलं: सुलट विणताना घालतो तशी सुई घालून दोन टाके एकदम, न विणता उजव्या सुईवर घ्या. पुढचा टाका सुलट विणा. उचललेले दोन्ही टाके त्यावरून काढा.

पहिली ओळ: ४ सुलट. (लोकर पुढे, ३ सुलट, तीनचा एक, ३ सुलट, लोकर पुढे, १ सुलट) हे चार वेळा. ३ सुलट.

दुसरी ओळ: ३ सुलट, ४१ उलट, ३ सुलट.

तिसरी ओळ: ३ सुलट, १ उलट. (१ सुलट, लोकर पुढे, २ सुलट, तीनचा एक, २ सुलट, लोकर पुढे, १ सुलट, १ उलट) हे चार वेळा. ३ सुलट.

चौथी, सहावी आणि आठवी ओळ: ४ सुलट. (९ उलट, १ सुलट) हे चार वेळा. ३ सुलट.

पाचवी ओळ: ३ सुलट, १ उलट. (२ सुलट, लोकर पुढे, १ सुलट, तीनचा एक, १ सुलट, लोकर पुढे, २ सुलट, १ उलट) हे चार वेळा. ३ सुलट.

सातवी ओळ: ३ सुलट, १ उलट. (३ सुलट, लोकर पुढे, तीनचा एक, लोकर पुढे, ३ सुलट, १ उलट) हे चार वेळा. ३ सुलट.

वाचताना तक्ता डोळ्यांपुढे दिसतो. जाळीचे दोन्ही गोल दर विषम ओळीला एकेक घर आत सरकतात आणि सातव्या ओळीत मधल्या टाक्याला येऊन भिडतात. त्यातूनच नालाचा आकार तयार होतो. मावशी म्हणाली, एवढं कळल्यावर तिला तिसरं आणि पाचवं कार्ड फारसं पाहावंही लागणार नाही.

१९ डिसेंबर

सातव्या ओळीत पुन्हा गडबड. नालाच्या टोकाशी मधल्या टाक्याच्या डावीकडे भोक आहे, उजवीकडे बंद. चारही नालांत तसंच. टाके मात्र सत्तेचाळीस. माझा ताळा जमलेला!

मी समोर बसून तिला सावकाश विणायला लावलं. बाकीच्या ओळींत जाळीनंतर सुलट टाका येतो. लोकर पुढे आणायची आणि पुढचा सुलट विणायला लागलं की ती आपोआप सुईवरून मागे जाते, तेच जाळीचं वेटोळं. सातव्या ओळीत मात्र जाळीच्या लगेच नंतर 'तीनचा एक' आहे, म्हणजे विणायचं नसून आधी दोन टाके उचलायचे आहेत. मावशी लोकर पुढे आणत होती, दोन टाके उचलत होती आणि मग विणत होती. त्यामुळे वेटोळं उचललेल्या टाक्यांच्या आधी न पडता त्यांच्या नंतर पडत होतं. पुढे ते दोन टाके वरून काढताना वेटोळंही त्यांच्याखाली आवळलं जायचं. सुईवर ते एक टाका म्हणून मोजलं जातं, म्हणून संख्या बरोबर येते, भोक मात्र पडत नाही.

सातव्या कार्डावर पहिल्या जाळीचं वाक्य बदललं: "लोकर पुढे आणा, उजव्या सुईवरून मागे न्या, मग दोन टाके उचला." तक्त्यात ह्या घरात गोल एवढंच असतं. ज्याला तक्ता वाचता येतो तो हे स्वतः करतो, वाक्य लिहिणाऱ्याला मात्र ते सांगावं लागतं.

मावशी म्हणाली, "पन्नास वर्षं विणते, अशी जाळीला लागून घट कधी आलीच नाही माझ्या हातात. नाहीतर मी कशाला चुकले असते?" तीन ओळी उसवल्या. उसवताना टाके गळू नयेत म्हणून तिनं आधी किनारीच्या आतल्या टाक्यांतून शिवणाचा पांढरा दोरा ओवून घेतला. आता दर दोन नमुन्यांना तो दोरा वर सरकवते, चुकलं तर तिथपर्यंतच उसवायचं.

२३ डिसेंबर

थंडी वाढली, सकाळी पारा दहाच्या आसपास. मावशी गच्चीत उन्हात बसून विणते. बारा नमुने झाले. रुंदी साधारण नऊ इंच येते आहे. आठ ओळींना सव्वा इंचापेक्षा थोडं कमी, त्यामुळे पाच फुटांसाठी पन्नासच्या आसपास नमुने लागतील. लोकरीचा अंदाज त्यावरून पुन्हा काढला, एक गुंडी कमी पडेल. त्याच रंगाची मिळेल का ते विचारायला उद्या बर्डीवर जाणार, गुंडीवरच्या कागदावरचा रंगाचा नंबर लिहून घेतलाय.

लोकर ॲक्रिलिक आहे. काकूंनी शेवटी इस्त्रीची वाफ द्यायचा सल्ला दिला होता, तो मावशीनं फेटाळला. मासिकातली लोकर खरी मेंढीची, ती वाफेनं बसते. ॲक्रिलिक जास्त तापलं की मऊ होऊन लोळतं आणि मग पुन्हा उभं राहत नाही. ओलं करून, टाचण्या लावून, सावलीत वाळवणार म्हणते.

सातव्या कार्डावर हळदीचे डाग पडलेत. नवीन प्रिंट काढून दिली तर घेतली नाही, म्हणाली डागावरूनच ते कार्ड पटकन सापडतं.